बिटकॉइनमध्ये शिल्लक कुठे लिहिलेली असते?

१२ जानेवारी २००९ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने वावरणाऱ्या बिटकॉइनच्या जनकाने संगणकतज्ज्ञ हॅल फिनी यांना १० बिटकॉइन पाठवले. एका माणसाने दुसऱ्याला बिटकॉइन पाठवण्याचा हा पहिला व्यवहार. १७० क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये तो आजही कुणालाही पाहता येतो. पण तिथे ‘सातोशींच्या खात्यातून १० वजा, फिनींच्या खात्यात १० जमा’ अशी नोंद नाही. तिथे दिसतं ते असं : ५० बिटकॉइनची एक जुनी रक्कम आत गेली आणि दोन नव्या रकमा बाहेर पडल्या. १० फिनींच्या नावे, ४० परत सातोशींच्याच नावे.

ही ५० ची रक्कम सातोशींना ९ क्रमांकाचा ब्लॉक तयार केल्याबद्दल मिळाली होती. बिटकॉइनमध्ये अशी रक्कम अर्धीमुर्धी खर्च करता येत नाही. सोनार जुनी बांगडी वितळवतो आणि त्याच सोन्याचे नवे दोन दागिने घडवतो, तसं इथे घडतं : जुनी रक्कम कायमची संपते, नव्या जन्माला येतात. अजून खर्च न झालेल्या या रकमांना ‘अनस्पेंट ट्रान्झॅक्शन आउटपुट’, थोडक्यात यूटीएक्सओ म्हणतात. जाळ्यातले संगणक फक्त अशा शिल्लक रकमांची यादी सांभाळतात. ‘तुमच्याकडे इतके बिटकॉइन आहेत’ हा आकडा साखळीत कुठेच लिहिलेला नसतो. तुमच्या किल्लीने उघडणाऱ्या सगळ्या रकमा शोधून त्यांची बेरीज वॉलेट करतं.

जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमने दुसरी वाट धरली. तिथे प्रत्येक पत्त्याचं खातं असतं आणि त्यात शिल्लक थेट लिहिलेली असते. १० पाठवले की एका खात्यातून १० आणि शुल्क वजा होतं, दुसऱ्यात १० जमा होतात. यामागे ठोस कारण होतं. इथेरियमवर साखळीवरच चालणारे करार हवे होते. शेकडो लोक पैसे टाकतात-काढतात अशा सामायिक निधीचा करार घ्या. तो निधी एकाच यूटीएक्सओमध्ये ठेवला तर पहिल्याने तो वापरताच बाकीच्यांचे व्यवहार रद्द होतील, कारण ते ज्या रकमेकडे बोट दाखवतात ती आता उरलेलीच नाही. खात्याचं तसं नाही, ते जागेवर राहतं आणि फक्त आकडा बदलतो.

एकच पैसा दोनदा खर्च होऊ नये, याची व्यवस्था मात्र दोन्हीकडे वेगळी आहे. बिटकॉइनमध्ये खर्चलेली रक्कम यादीतूनच जाते, त्यामुळे दुसरा प्रयत्न आपोआप फसतो. खातं मात्र व्यवहारानंतरही असतंच. मग तुम्ही सही केलेला जुना आदेश कुणी पुन्हा सादर केला तर? म्हणून इथेरियममध्ये प्रत्येक आदेशाला ‘नॉन्स’ हा अनुक्रमांक असतो. तो ० पासून सुरू होतो, आणि ६ नंतर ७ च स्वीकारला जातो.

या क्रमाची अडचणही आहे. कमी शुल्कामुळे ६ क्रमांकाचा आदेश रखडला, तर ७ आणि ८ त्याच्यामागे अडकून राहतात. उपाय असा की ६ हाच क्रमांक देऊन जास्त शुल्काचा आदेश पुन्हा पाठवायचा. जुलै २०१६ मध्ये इथेरियमच्या दोन साखळ्या झाल्या, तेव्हा दोन्हींकडे तीच खाती, तेच क्रमांक होते. एकीकडे सही केलेला आदेश दुसरीकडे चालवता येत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये साखळीची ओळख सहीतच गुंफण्याची सोय झाली, तेव्हा हा धोका टाळता येऊ लागला.

बिटकॉइनचे धोके निराळे आहेत. तिथे शुल्क वेगळं लिहिलेलं नसतं. आत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या रकमांतला फरक हेच मायनरचं शुल्क. सातोशींनी ते ४० परत स्वतःच्या नावे लिहिले नसते, तर ते ब्लॉक तयार करणाऱ्याला मिळाले असते. वॉलेट ही मोड आपणहून परत घेतं, पण हाताने व्यवहार रचणाऱ्याने ती तपासायलाच हवी.

दुसरा धोका चिल्लरीचा. शुल्क रकमेवर नाही, व्यवहाराच्या आकारावर ठरतं. जुन्या पद्धतीच्या पत्त्यावरची एक रक्कम खर्चायला साधारण १४८ बाइट लागतात. बाइटमागे १० सातोशी असा दर धरला, तर एका रकमेला १,४८० सातोशी पडतात. (एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात.) तेवढेच पैसे शंभर तुकड्यांत असतील तर १,४८,००० सातोशी. हजार सातोशींचा तुकडा तर या दराने खर्चणंच परवडत नाही.

तेव्हा बिटकॉइन वापरत असाल तर लहान रकमा शुल्क उतरलेलं असताना एकत्र करून ठेवा, आणि सही करण्याआधी मोड परत येतेय ना, हे पाहा. इथेरियमवर व्यवहार अडकला, तर नवा पाठवण्याआधी रखडलेला क्रमांक शोधा.