तलावात पाणी मावतं तरी किती?

भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या गावात ‘तुमच्या तलावात पाणी किती मावतं?’ असं विचारलं, की दोन उत्तरं मिळतात: तलाव दहा एकरांचा आहे आणि पाळीजवळ दोन पुरुष पाणी असतं. दोन्ही खरी असतात. पण या दोहोंचा सरळ गुणाकार केला, तर येणारा आकडा खऱ्या साठ्याच्या दुप्पट-तिप्पट निघू शकतो. हे माजी मालगुजारी तलाव उताराच्या जमिनीवर मातीची पाळ घालून केलेले आहेत. पाळीजवळ ते खोल असतात आणि वरच्या अंगाला उथळ होत होत धानाच्या बांध्यांना जाऊन मिळतात. त्यांत दरवर्षी गाळ येतो, तोही सगळीकडे सारखा बसत नाही. म्हणून साठा काढायचा तर आधी तळाचा नकाशा हवा, आणि तो एक डोंगा, एक बांबू आणि एक मोबाइल एवढ्यावर करता येतो.

पावसाळा संपताना, तलाव भरलेला असतानाच हे काम करावं. पण पहिली मोजणी काठावरची असते. डोंग्यातून घेतलेली प्रत्येक खोली पाण्याच्या पृष्ठभागापासून खाली मोजली जाते, आणि तो पृष्ठभाग तर रोज उतरत असतो. थोडं पाणी वाफ होऊन जातं, थोडं कालव्यात सुटतं. म्हणून सांड्यव्याचा माथा ही कायमची खूण धरायची. पारदर्शक नळीत पाणी भरून माथ्याची पातळी काठाजवळच्या पक्क्या दगडावर उतरवून घ्यायची आणि आजचं पाणी तिच्या किती खाली आहे ते टिपायचं. मोजणी दोन-तीन दिवस चालली, तर रोज सकाळी पुन्हा टिपायचं. मग मोबाइल हातात धरून पाण्याच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारायची. कडेवरच्या या बिंदूंची खोली शून्य. ते घेतले नाहीत, तर पुढे संगणक काठावरही पाणी खोल आहे असं धरून चालतो.

आता बांबू. त्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगाचा पट्टा ओढायचा आणि खालच्या टोकाला वीतभर रुंदीची चपटी पत्र्याची थाळी पक्की बसवायची. थाळी नसेल तर टोक गाळात घुसतं आणि खोली पंधरा-वीस सेंटिमीटर जास्त भरते. दुसरा, बिनथाळीचा बांबू मुद्दाम सोबत ठेवावा. तो कडक जमीन लागेपर्यंत दाबला, की दोन्ही मापांमधला फरक म्हणजे त्या जागचा मऊ गाळ. सोनारने, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली सांगणाऱ्या यंत्राने, काम झटपट होतं. पण पाणवनस्पती दाट असल्या तर ते त्यांच्या शेंड्यांनाच तळ समजतं. शिवाय त्याचा संवेदक पाण्याखाली जेवढा बुडालेला असेल, तेवढी खोली आकड्यात मिळवावी लागते. गावतलावाला बांबूच बरा.

पाळीकडून वरच्या अंगाकडे अशा सरळ रेषांत डोंगा न्यायचा. रेषांमध्ये वीस मीटर अंतर, आणि रेषेवर दर आठ-दहा मीटरला एक माप. डोंगा चालवायला गावातला ढीवरच हवा. कुठे खड्डा आहे, कुठे जुना ओढा वाहत होता, हे त्याला ठाऊक असतं आणि तिथे दोन मापं जास्त घेता येतात. वारा सुटला की डोंगा सरकतो, बांबू तिरपा होतो आणि खोली जास्त दिसते. म्हणून सकाळची वेळ धरावी. अंगात जीवरक्षक जाकीट असावंच.

मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश दशांशचिन्हापुढे किमान पाच अंकी लिहावेत. चारच अंक लिहिले, तर जागा अकरा मीटरच्या टप्प्यांनी सरकते. तसंही मोबाइल उघड्या आकाशाखाली पाचेक मीटर चुकतोच. तलावाच्या मधल्या पसरट भागात याने फारसं बिघडत नाही: शंभर मीटरला एक मीटर उतार असेल, तर पाच मीटरच्या चुकीने खोलीत पाच सेंटिमीटरचा फरक पडतो. पाळीच्या उतारावर मात्र तीच चूक दोन मीटरचा घोटाळा करते, कारण तिथे अडीच मीटरला एक मीटर उतार असू शकतो. म्हणून पाळीलगतच्या मापांसाठी मोबाइलवर विसंबू नये. पाळीवरून दोरी धरून अंतर मोजावं.

घरी आल्यावर सगळी मापं QGIS या मोफत प्रणालीत भरायची. अक्षांश-रेखांश आधी मीटरमध्ये बदलून घ्यावे लागतात; गोंदिया-भंडाऱ्यासाठी `EPSG:32644` ही पद्धत निवडावी. मग प्रणाली जवळजवळच्या बिंदूंना जोडून त्रिकोणांचं जाळं विणते आणि त्यावरून समान खोलीच्या रेषा काढते. इथे एक गोष्ट डोळ्यांनी तपासावी लागते. काठाच्या आत शिरलेल्या चिंचोळ्या खाचेत तिन्ही कोपरे काठावरचेच असले, तर त्या त्रिकोणाची खोली शून्य धरली जाते आणि तिथलं पाणी हिशोबातून गळतं. उपाय एकच: खाचेच्या मधोमध जाऊन आणखी एक-दोन मापं घ्यायची.

उदाहरणादाखल चार हेक्टरचा, म्हणजे साधारण दहा एकरांचा तलाव घेऊ. भरलेला असताना त्याचं क्षेत्र ४०,००० चौरस मीटर आहे. पाणी एक मीटर उतरल्यावर ३१,०००, दोन मीटरने १९,००० आणि तीन मीटरने ८,००० उरतं. सर्वांत खोल जागा ३.८ मीटर. वरच्या एक मीटरच्या थरात दोन्ही क्षेत्रांच्या सरासरीइतकं, म्हणजे ३५,५०० घनमीटर पाणी बसतं. दुसऱ्या थरात २५,००० आणि तिसऱ्यात १३,५००. तळाचा उरलेला भाग शंकूसारखा धरला, तर सुमारे २,१०० घनमीटर. एकूण ७६,००० घनमीटरच्या आसपास, म्हणजे ७.६ कोटी लिटर. जलसंधारणाच्या भाषेत ७६ टीसीएम. क्षेत्राला सर्वांत जास्त खोलीने गुणलं असतं, तर बरोबर याच्या दुप्पट आकडा आला असता.

या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा? दोनेकशे मापांपैकी एखादं वीस सेंटिमीटरने चुकलं, तरी एकूण साठ्यात ते विरून जातं, कारण कुठे जास्त तर कुठे कमी भरतं. घात करते ती सगळीकडे एकाच बाजूला होणारी चूक. सांडव्याच्या माथ्याची खूण दहा सेंटिमीटर वर धरली, की चाळीस हजार चौरस मीटरवर एकदम चार हजार घनमीटर वाढतात, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त. अशी चूक हुडकायला दोन-तीन आडव्या रेषा वेगळ्या दिवशी मोजाव्यात. जिथे त्या जुन्या रेषांना छेदतात, तिथल्या दोन खोल्यांचा फरक काढावा. फरक कधी अधिक, कधी उणा आला तर ठीक. सगळे एकाच दिशेने आले, तर खूण किंवा बांबूची पट्टी तपासावी.

वरच्या हिशोबात गावाच्या खूप कामाची एक बाब आहे: जवळपास निम्मं पाणी वरच्या एका मीटरमध्ये आहे. सांडवा फुटून पातळी मीटरभर खाली आली, तर निम्मा साठा गेला. पाळीजवळचा खोल डोह कितीही उपसला, तरी तो भरून निघणार नाही. डोहाचा उपयोग आहे तो उन्हाळ्यात मासे जगवायला. गाळ कुठला काढायचा, हे ठरवताना ग्रामसभेपुढे हा नकाशा असावा. आणि गाळ काढून झाल्यावर, पुढच्या पावसाळ्यानंतर, त्याच दगडावरच्या त्याच खुणेवरून पुन्हा मोजणी करावी. ट्रॅक्टरच्या खेपा मोजून साठा वाढल्याचा आकडा काढला, तर तो फुगलेला येतो, कारण खणलेला गाळ सैल होऊन जास्त जागा व्यापतो.