फोटोत हरवलेला विसर्ग

स्पर्धा परीक्षेचा पेपर सुटला की तासाभरात त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. मराठी व्याकरणाच्या प्रश्नांवर सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात. पुष्कळदा भांडण व्याकरणाचं नसतंच. विसर्गाचे दोन ठिपके, पाय मोडल्याची तिरकी रेघ, शब्दाखालची अधोरेखा ही बारीक चिन्हं फोटोत पुसट होतात, आणि उत्तर नेमकं त्यांच्यावरच उभं असतं.

‘निरंतर’ या शब्दाचा संधिविग्रह विचारला आहे असं धरा. पर्याय आहेत : निः + अंतर, नि + अंतर, निर + अंतर, निरं + तर. फोटो हललेला असेल तर पहिला आणि दुसरा पर्याय अगदी सारखे दिसतात. मग कुणी म्हणतं प्रश्न रद्द होणार, कुणी तिसऱ्यावर खूण करतं, कारण त्यात ‘र’ डोळ्यांना दिसतो.

अशा वेळी प्रत्येक पर्याय जोडून पाहावा. नि + अंतर जोडलं तर इ आणि अ मिळून य होतो आणि ‘न्यंतर’ असं काहीतरी तयार होतं. निर + अंतर जोडलं तर अ आणि अ मिळून दीर्घ आ होतो, म्हणजे ‘निरांतर’. चौथ्या पर्यायात शब्द नुसता मधोमध तोडला आहे, संधी झालेलाच नाही. राहिला पहिला, म्हणजे तिथे विसर्ग असलाच पाहिजे. विसर्गाच्या मागे अ किंवा आ सोडून दुसरा स्वर असेल आणि पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आलं, तर विसर्गाचा र् होतो. इथे मागे इ आहे, पुढे अ आहे, म्हणून निर् + अंतर, निरंतर. पुसट झालेलं चिन्ह असं नियमावरून परत मिळवता येतं.

विसर्गामागे अ असेल तर मात्र वेगळं घडतं. पुढे मृदू व्यंजन आलं की अ आणि विसर्ग मिळून ओ होतो : मनः + रथ, मनोरथ. एवढंच पाठ केलेला विद्यार्थी ‘पुनर्जन्म’पाशी अडतो, कारण पुनः + जन्म याचं ‘पुनोजन्म’ होत नाही. ‘पुनः’मधला विसर्ग मुळात र् पासून आलेला आहे, म्हणून संधीत तो र् परत येतो. ‘अंतरात्मा’चंही तसंच. हे कारण ठाऊक असलं की अपवादांची वेगळी यादी घोकावी लागत नाही.

समासाच्या प्रश्नात अधोरेखा आणि आजूबाजूचं वाक्य महत्त्वाचं. ‘पीतांबर’ कोणता समास, एवढाच तुकडा कापून पाठवला तर खात्रीचं उत्तर देताच येत नाही. ‘पुजाऱ्यांनी पीतांबर नेसून आरती केली’ या वाक्यात ते पिवळं वस्त्र आहे. पीत असे अंबर, म्हणून कर्मधारय. ‘भक्त पीतांबराला शरण गेला’ इथे वस्त्राशी संबंध नाही. पीत आहे अंबर ज्याचे असा तो, म्हणजे विष्णू, म्हणून बहुव्रीही. दोन्ही पदांच्या बाहेरच्या तिसऱ्याचा बोध होतो की नाही, हीच कसोटी. आणखी एक : कर्मधारय हा तत्पुरुषाचाच प्रकार आहे. पर्यायांत दोन्ही असतील तर नेमका तो, म्हणजे कर्मधारय निवडावा. नुसता तत्पुरुष दिला असेल तर तोही बरोबर.

अलंकाराला धूसर फोटोचा त्रास कमी, कारण तिथे अख्खा शब्द साक्ष देतो. आंबा साखरेसारखा गोड, ही उपमा. आंबा म्हणजे जणू साखरच, ही उत्प्रेक्षा. हा आंबा नव्हे, ही साखरच, इथे आंबा असणंच नाकारलं, म्हणून अपन्हुती. साखरेहून गोड म्हटलं की उपमेय वरचढ ठरलं, तो व्यतिरेक. कापलेल्या फोटोत धोका असतो तो प्रश्नाच्या पहिल्या ओळीचा. ‘पुढीलपैकी उपमा अलंकार नसलेले वाक्य कोणते’ यातला ‘नसलेले’ कापला गेला की बरोबर कारण देऊनही उत्तर चुकतं.

एमपीएससी आधी पहिली उत्तरतालिका जाहीर करते, त्यावर हरकती मागवते आणि मग अंतिम तालिका काढते. हरकत घ्यायची असेल तर फिरत आलेल्या फोटोवरून घेऊ नका. आयोगाच्या संकेतस्थळावरची प्रश्नपत्रिका उघडा, विसर्ग आणि पाय मोडलेली अक्षरं मोठी करून तपासा, आणि मो. रा. वाळंबे यांच्या ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’सारख्या पुस्तकातला नियम त्याला जोडा. आणि स्वतः फोटो पाठवणार असाल तर सूचनेच्या ओळीसकट पूर्ण पान, सरळ धरून, उजेडात काढून पाठवा.