रिपोर्टमधला ‘एच’ आणि ‘एल’ कसा वाचायचा?

लॅबमधून रिपोर्टची पीडीएफ मोबाइलवर येते. तिचा स्क्रीनशॉट काढून घरच्यांच्या ग्रुपवर टाकला जातो आणि मग सगळे मिळून लाल किंवा ठळक आकडे शोधतात. आकड्यासमोर ‘एच’ असेल तर जास्त, ‘एल’ असेल तर कमी. हे ताडून पाहण्यात गैर काही नाही, पण त्यासाठी स्क्रीनशॉट पूर्ण हवा. बरेचदा त्यात वरचे नाव, वय आणि लिंग कापले जाते किंवा उजवीकडचा एककाचा रकाना सुटतो. प्लेटलेट एका लॅबने २.१ लाख लिहिल्या आणि दुसरीने २१० हजार, तर दोन्ही एकच. म्हणून आकडा त्याच रिपोर्टवर छापलेल्या मर्यादेशी ताडावा, इंटरनेटवरच्या किंवा शेजारच्यांच्या रिपोर्टमधल्या मर्यादेशी नाही.

ही मर्यादा ठरते कशी? निरोगी माणसांची तपासणी करून त्यांच्यापैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे जिथे पडतात, तो पट्टा बहुतेक तपासण्यांसाठी ‘सामान्य’ म्हणून छापतात. म्हणजे निरोगी माणसांपैकीही शंभरात पाच जण त्या पट्ट्याबाहेर असतातच. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. त्यामुळे काठावरचा एकटा ‘एच’ पाहून घाबरू नये. मात्र एकमेकांशी जुळणारे तीन-चार आकडे एकदम बाहेर असतील, तर ते एकत्र वाचावे लागतात.

उदाहरणच घेऊ. समजा, बेलवलीत राहणाऱ्या, नुकतेच लग्न झालेल्या २६ वर्षांच्या एका महिलेने थकवा वाटतो म्हणून सीबीसी केली. हिमोग्लोबिन १०.६ (मर्यादा १२ ते १५), म्हणजे ‘एल’. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, ६४ (मर्यादा ८३ ते १०१), हाही ‘एल’. तांबड्या पेशींची संख्या मात्र ५.४ दशलक्ष (मर्यादा ३.८ ते ४.८), म्हणजे ‘एच’.

घरात सगळ्यांची नजर हिमोग्लोबिनवर जाते. ‘रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या सुरू कर,’ असा सल्ला मिळतो. तांबड्या पेशी जास्त आहेत ना, मग ते चांगलेच, असे वाटून तिसऱ्या आकड्याकडे कोणी बघत नाही. खरी खूण तिथेच आहे. लोह कमी पडले की पेशी लहान होतात आणि सहसा त्यांची संख्याही घटते. इथे पेशी खूप लहान आहेत, पण संख्येने जास्त. असे चित्र बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांमध्ये दिसते.

डॉक्टर यासाठी एक साधा भागाकार करतात, त्याला मेंट्झर निर्देशांक म्हणतात. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने भागायचे. ६४ भागिले ५.४, उत्तर साधारण ११.९. ते १३ पेक्षा कमी असेल तर थॅलेसेमियाच्या वाहकत्वाची शंका घ्यायची, जास्त असेल तर लोहाच्या कमतरतेची. ही फक्त शंका आहे, निदान नाही. काही वेळा दोन्ही एकत्रही असतात. म्हणून लोहसाठा सांगणारी फेरिटिन आणि हिमोग्लोबिन ए-टू मोजणारी एचपीएलसी तपासणी करतात. ए-टू साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर बहुधा वाहकत्व ठरते. मात्र लोह फार कमी असेल तर ए-टूही खाली दिसू शकते.

आपल्या भागात हे लक्षात ठेवायला खास कारण आहे. फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांमधून उल्हासनगर वसले आणि सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांतही ते जास्त आढळते. पण वाहक कोणत्याही समाजात असू शकतो.

वाहकाला स्वतःला सहसा मोठा त्रास होत नाही. प्रश्न पुढच्या पिढीचा असतो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते आणि अशा बाळाला आयुष्यभर नियमित रक्त चढवावे लागते. म्हणून पत्नी वाहक निघाली की पतीचीही तपासणी करतात, शक्यतो गर्भधारणेआधी. दिवस गेले असतील तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सांगावे. गरोदरपणात हिमोग्लोबिन एरवीही उतरते आणि त्यासाठीची मर्यादा वेगळी, सर्वसाधारणपणे ११, धरतात. रिपोर्टवर मात्र अनेकदा सामान्य स्त्रीचीच १२ छापलेली असते.

तेव्हा पुढच्या वेळी स्क्रीनशॉट पाठवताना पूर्ण पान पाठवा, जुना रिपोर्ट असेल तर तोही जोडा. हिमोग्लोबिन कमी दिसले तर लगेच खालच्या ओळीतल्या तांबड्या पेशी आणि एमसीव्ही पाहा. ते उलट दिशांना जात असतील, तर गोळ्या सुरू करण्याआधी तोच कागद डॉक्टरांसमोर ठेवा.