बारा ते दोनचं गणित

चेकआउट दुपारी बाराला, चेक-इन दोनला. आपल्याकडच्या बऱ्याच हॉटेलांचा हा शिरस्ता. मधले दोन तास पाहुण्याच्या खिजगणतीतही नसतात, पण हाउसकीपिंग सुपरवायझर सकाळपासून कामाची मांडणी करते ती त्या दोन तासांसाठीच.

पूर्वी ही मांडणी कागदावर व्हायची. रात्रीचा रिपोर्ट छापून यायचा, सुपरवायझर पेनाने खोल्या वाटायची आणि कुठली खोली रिकामी झाली हे विचारायला दिवसभर फोन करत राहायची. आता तिच्या हातात टॅबलेट असतो. तो रिसेप्शनच्या संगणकाला जोडलेला असल्यामुळे तिकडे बिल झालं की इकडे खोलीसमोर VD उमटतं, म्हणजे रिकामी पण अस्वच्छ. मुक्कामी पाहुण्याची न आवरलेली खोली OD. आज सोडायची खोली, उशिरा निघण्याची परवानगी, जादा उशीची मागणी, सगळं एकाच यादीत दिसतं.

एक उदाहरण घेऊ. शहरातल्या एखाद्या बिझनेस हॉटेलचे दोन मजले, भरलेल्या खोल्या 52. त्यांतल्या 22 आज रिकाम्या होणार, 30 पाहुणे मुक्कामी. सुटलेल्या खोलीत चादरींपासून बाथरूमच्या कोपऱ्यापर्यंत सगळं नव्याने करायचं असतं, तिला 40 मिनिटं धरू. मुक्कामाच्या खोलीला 20. एकूण काम 1,480 मिनिटांचं. आठ तासांच्या पाळीतून ब्रीफिंग, ट्रॉली भरणं आणि जेवण वजा केलं, तर एका माणसाच्या हाती साधारण 420 मिनिटं उरतात. चौघं असतील तर काम आरामात होतं. पण सकाळी सातला एकाचा फोन येतो, ‘मॅडम, आज येत नाही,’ आणि 220 मिनिटं कमी पडतात.

आजच्या आगमनांची यादी उघडली, की सुटणाऱ्या पाच खोल्यांत रात्री कोणीच येणार नाही असं दिसतं. त्या उद्यावर ढकलल्या, 200 मिनिटं वाचली. दोन मुक्कामी पाहुण्यांनी साफसफाई नको असं कळवलेलं असतं, आणखी 40 वाचली. आता बेरीज जुळते. पण दिवसाची बेरीज जुळली म्हणून दुपारचे दोन तास जुळतातच असं नाही. उरलेल्या 17 खोल्या सगळ्या बाराच्या ठोक्याला सुटल्या, तर तिघांच्या हातून दोनपर्यंत फक्त नऊ तयार होतील. त्यामुळे सकाळच्या विमानासाठी आठलाच सुटलेली खोली सुपरवायझरला सोन्यासारखी वाटते. मुक्कामाची कामं बाजूला ठेवून ती आधी उरकून घेतली जाते. ‘खोली आवरा’ असा निरोप दिलेल्या पाहुण्याला तेवढं वाट पाहायला लावत नाहीत. आणि दोनच्या आत येणाऱ्यांची नावं पाहून, त्यांच्यासाठी राखलेल्या खोल्या यादीत वर चढवल्या जातात.

इथे टॅबलेटच्या सूचनेवर डोळे मिटून विसंबता येत नाही. समजा, चौथ्या मजल्यावरची मुलगी मोकळी झाली आणि सातव्यावर खोली सुटली. टॅबलेट खोली तिच्या नावावर टाकतो. पण भरलेली ट्रॉली घेऊन सर्व्हिस लिफ्टची वाट पाहण्यात पाच-दहा मिनिटं सहज जातात. म्हणून अनुभवी सुपरवायझर होता होईतो माणसाला त्याच्याच मजल्यावर ठेवते.

दुसरी अडचण माहितीची. बिल रात्रीच भरून पाहुणा सकाळी झोपलेला असतो. रिसेप्शनने घाईत चेकआउट नोंदवलेलं, त्यामुळे स्क्रीनवर खोली रिकामी. याला धंद्यात ‘स्लीप’ म्हणतात. उलट, नोंदीत पाहुणा आहे पण कपाट रिकामं, चार्जर नाही, बॅग नाही, तर तो ‘स्किप’. कदाचित बिल बुडवूनच गेलेला. म्हणून VD दिसलं तरी दार वाजवून, ‘हाउसकीपिंग’ म्हणून, थांबूनच आत जायचं, हा नियम टॅबलेट आल्यावरही मोडलेला नाही. दोन्ही नोंदींतला फरक शोधायला रोज वेगळा रिपोर्टच निघतो.

काम सुरू केलं की ‘स्टार्ट’ आणि संपलं की ‘फिनिश’ दाबायचं असतं. पण हात ओले, ग्लोव्ह्ज घातलेले. मग कोणी तीन खोल्या झाल्यावर तिन्हींचं एकदम दाबतो. स्क्रीनवर सुटलेली खोली चार मिनिटांत तयार झालेली दिसली, की सुपरवायझर समजून जाते. अडचण पुढची आहे. अशा खोट्या वेळांवरून सरासरी काढली, तर उद्याची वाटणी अशक्य होते आणि त्याचा भार त्याच मुलांवर पडतो. म्हणून ती प्रत्येकाला एकच सांगते, ‘उशीर झाला तरी चालेल, वेळ खरी टाक.’

‘फिनिश’ दाबलं तरी खोली अजून विकायला मोकळी होत नाही. सुपरवायझर आत जाऊन नळ, ड्रेन, पलंगाखालची जागा, रिमोट पाहते आणि मगच ‘इन्स्पेक्टेड’ दाबते. लॉबीत बॅगा घेऊन बसलेल्या पाहुण्याला किल्ली मिळते ती त्यानंतर. म्हणून तिघं एकाच वेळी मोकळे झाले, तर खोल्या तयार असूनही अडकतात, कारण तपासणारी एकटीच असते. हे टाळायला ती तिघांच्या पहिल्या खोल्याच मुद्दाम वेगवेगळ्या लांबीच्या देते, कुणाला सुटलेली, कुणाला मुक्कामाची.