पाटलीची कड कुठे संपते?

पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या सोन्याच्या पाटलीचा फोटो नीट पाहा. जिथे दिव्याचा झोत थेट पडतो, तिथे सोनं सोनेरी राहतच नाही. ते कागदाइतकंच पांढरं दिसतं. फोटोशॉपमधलं Magic Wand फक्त रंग ओळखतं. ते ही चमक पार्श्वभूमी समजून खाऊन टाकतं आणि पाटली उंदरानं कुरतडल्यासारखी दिसते.

म्हणून दागिन्याची कड Pen Tool ने हातानं आखावी. चमकेत कड हरवली, तर दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या कडांचं वळण तसंच पुढे नेऊन जोडावं, कारण पाटलीचा गोल मधेच मोडत नाही. रेघ कडेच्या एखादा पिक्सेल आत ठेवली की कागदाची पांढरी किनार उरत नाही. आतल्या पोकळीची वेगळी रेघ लागते. पार्श्वभूमी पुसू नये, मास्कनं झाकावी. चुकलेली कड परत आणता येते. सावलीही कापू नका. ती वेगळ्या थरावर ठेवून Multiply केलं, की खालच्या रंगावर नैसर्गिक बसते.

काम झाल्यावर खाली गडद रंगाचा थर टाकून पाहा, पांढरी किनार लगेच उघडी पडते. मात्र सोन्यात उमटलेलं पांढऱ्या कागदाचं प्रतिबिंब कापणीनं बदलत नाही. अशी पाटली काळ्या मखमलीवर ठेवली तर चिकटवल्यासारखीच दिसेल. तिला फिकट पार्श्वभूमीच द्यावी. फोटो पुन्हा काढता येत असेल, तर पाटलीच्या दोन्ही बाजूंना, चौकटीबाहेर, काळ्या कार्डाच्या पट्ट्या उभ्या कराव्यात. त्यांचं प्रतिबिंब कडेवर गडद रेघ उमटवतं, आणि कड शोधावी लागत नाही.