तीस सेकंदांत तीन कामं

दोरी ओढून चालवायच्या चॉपरच्या व्हिडिओची संहिता घड्याळ समोर ठेवून लिहावी लागते. पहिल्या तीन सेकंदांत ओट्यावर चॉपर आणि अख्खा कांदा दिसावा.

पुढे प्रत्येक कामाला आठ सेकंद. पोह्यांसाठी कांदा चार फोडी करून टाकायचा. कोशिंबिरीच्या काकडीला दोरीचे झटके कमी द्यायचे, नाहीतर पाणी सुटतं. तिसरं काम, भाजून गार केलेल्या दाण्यांचं कूट.

भांडं निम्मंच भरावं. गच्च भरलं की खाली लगदा होतो आणि वरच्या फोडी तशाच राहतात. झाकण लावल्यापासून उघडेपर्यंतचं चित्रण सलग हवं. ते मध्येच तुटलं, तर आधी चिरलेला कांदा ठेवल्याची शंका येते.

शेवटच्या तीन सेकंदांत पाती धुताना दाखवून किंमत सांगावी.