थांबलात, पण घड्याळ चालूच होते

दिवसभराच्या चालीची जीपीएक्स फाइल उघडली, तर आत दिसतात नुसते बिंदू: प्रत्येकाचे अक्षांश, रेखांश आणि वेळ. वेग त्यात बहुधा लिहिलेला नसतो, तो आपण काढायचा. दोन बिंदूंमधले अंतर भागिले मधला वेळ.

खरी अडचण थांब्यांवर येते. तुम्ही टपरीवर चहा घेत बसलेले असता, पण उपग्रहांवरून काढलेली जागा काही मीटर इकडेतिकडे सरकत राहते. एका सेकंदात बिंदू तीन मीटर सरकला, तर हिशेबात तुम्ही ताशी १०.८ किलोमीटरने धावलेले असता! नकाशा मोठा करून पाहा, तिथे रेषांचा गुंता दिसेल. म्हणून सेकंदासेकंदाचा वेग न पाहता ३० सेकंदांचे तुकडे घ्यावेत. तुकड्याच्या दोन टोकांमधले सरळ अंतर दहा मीटरपेक्षा कमी असेल, तर तो थांबा. त्याचे अंतरही बेरजेत धरू नये.

समजा, एकूण वेळ साडेसहा तास, थांबे दीड तास आणि अंतर २४ किलोमीटर. चालण्याचे ३०० मिनिटे भागिले २४, म्हणजे किलोमीटरला साडेबारा मिनिटे. थांबे धरून मात्र सव्वासोळा.

दहा मीटर ही मर्यादा सपाट रस्त्याला ठीक. सिंहगडासारख्या खड्या चढावर दमून हळू टाकलेली पावलेही थांब्यात जमा होतात, तेव्हा तिथे ती पाच-सहावर आणावी. पुढच्या चालीचे वेळापत्रक आखताना सव्वासोळाचाच आकडा धरा.